पुस्तकांचा ढीग नको: एमपीएससीसाठी राज्यघटनेचं पुस्तक असं निवडा

नागपूरच्या बर्डीवर पुस्तकं घ्यायला जाताना टॉपरची बुकलिस्ट घरी ठेवा. त्या यादीत एकाच विषयाची तीन पुस्तकं असतात आणि तिन्हींत ऐंशी टक्के मजकूर तोच. त्याऐवजी आयोगाच्या mpsc.gov.in वरून गट-ब संयुक्त पूर्वचे जुने पेपर आणि उत्तरतालिका उतरवून घ्या. इतिहास-भूगोलाची पायाभरणी बालभारतीच्या पुस्तकांवर होते, ती ebalbharati.in वर फुकट आहेत.

खरी गफलत होते ती राज्यघटनेत. यूपीएससीसाठी लिहिलेल्या जाड पुस्तकाचा मराठी अनुवाद सगळेच घेतात. मूलभूत हक्क, संसद, न्यायव्यवस्था त्यात उत्तम असतं. पंचायतराजचं प्रकरणही असतं, पण ते 73व्या घटनादुरुस्तीपाशी थांबतं. आयोग विचारतो महाराष्ट्राचं: सरपंच राजीनामा कोणाकडे देतो, ग्रामपंचायतीत सदस्य किती, 36 जिल्हे असून जिल्हा परिषदा 34च का. उत्तरं अनुक्रमे पंचायत समितीचा सभापती, 7 ते 17, आणि मुंबई शहर व उपनगराला जिल्हा परिषद नाही. हे 1958 आणि 1961च्या राज्याच्या कायद्यांतून आणि जिल्ह्यांच्या रचनेतून येतं.

मग लोक काय करतात? राज्यघटनेचं आणखी एक अख्खं पुस्तक घेतात. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. तुमच्याकडे नाही तेवढंच घ्या, म्हणजे पंचायतराजची वेगळी पातळ पुस्तिका. दुकानात उभ्या उभ्या वरचे तीन प्रश्न तिच्यात शोधा. तिन्ही सापडले तर घ्या. दोनच सापडले तर खाली ठेवा, दुकानदार कितीही ‘सर, हीच चालते’ म्हणाला तरी.

मुखपृष्ठावरच्या ‘नवीन आवृत्ती’वर तर अजिबात जाऊ नका, पुष्कळदा फक्त कव्हर बदलतं. लोकसभेचं पान उघडा. कमाल सदस्यसंख्या 552 लिहून राष्ट्रपती दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमतात असं आजचं म्हणून दिलं असेल, तर पुस्तक 2020 च्या आधीचं आहे. 104व्या दुरुस्तीनं ती तरतूद संपली, आता संख्या 550. पुढे महिला आरक्षणाची 106वी दुरुस्ती (2023) आहे का तेही बघा. लेखकानं एवढं बदललं नसेल तर बाकीचंही बदललं नसणार.

सगळ्या विषयांचा ठोकळा? विकत घ्यायचं कारण नाही, अभ्यासिकेत कोणाचा तरी पडलेलाच असतो. परीक्षेच्या आधी उजळणीला चाळा.

चालू घडामोडींचं एकच मासिक लावा.

सेकंडहँडचं म्हणाल, तर गणित-बुद्धिमत्तेचं जुनं पुस्तक डोळे झाकून घ्या, फक्त आधीच्या मालकानं उत्तरांवर पेनानं खुणा केल्या नाहीत ना, ते पाहा. राज्यघटना आणि अर्थव्यवस्था मात्र कोरीच घ्यायची.