आधी सब्जेक्ट लाइन, मग मजकूर: छोट्या व्यवसायाचे मासिक न्यूजलेटर कसे आखावे

अनेक छोट्या व्यवसायांचे न्यूजलेटर काही महिन्यांतच बंद पडते. वेळ नव्हता असे कारण सांगितले जाते, पण खरी अडचण वेगळी असते. महिनाअखेर जवळ येते, रिकामी स्क्रीन समोर असते आणि लिहायचे काय ते सुचत नाही. मग घाईघाईने ‘मार्च महिन्याचे न्यूजलेटर’ असा मथळा टाकून दोन ऑफर चिकटवल्या जातात. तो ईमेल कोणी उघडत नाही, आणि पुढच्या महिन्यात लिहिणाऱ्याचाही हात आखडतो.

हे टाळण्यासाठी कामाचा क्रम उलटा करावा लागतो. सब्जेक्ट लाइन शेवटी सुचेल तशी न लिहिता सगळ्यात आधी लिहायची. ती लिहिताच येत नसेल, तर त्या महिन्याचा विषय अजून मिळालेला नाही, असे खुशाल समजावे.

उदाहरणासाठी सायकल दुरुस्तीचे एक छोटे वर्कशॉप घेऊ. त्यांच्या यादीत साधारण तीनशे ग्राहकांचे पत्ते आहेत आणि ते सगळे स्वतःहून दिलेले आहेत. बिलावरून परस्पर उचललेले पत्ते या यादीत घालू नयेत. न मागितलेला ईमेल लोक स्पॅम म्हणून नोंदवतात, आणि अशा नोंदी वाढल्या की ज्यांना तुमचा ईमेल हवा आहे, त्यांच्याही स्पॅम फोल्डरमध्ये तो जाऊ लागतो.

पहिली पायरी: प्रश्नांची वही

दोन आठवडे काउंटरवर एक वही ठेवा. ग्राहक जे विचारेल, ते त्याच्याच शब्दांत लिहा. इथेच बरेच जण चुकतात. ग्राहक म्हणतो, “ब्रेक दाबला की किंचाळतो,” आणि वहीत नोंद होते ‘ब्रेक पॅडची देखभाल’. पहिल्या वाक्यात सब्जेक्ट लाइन तयार आहे, दुसऱ्यात ती हरवली आहे.

आपल्या वर्कशॉपच्या वहीत अशा नोंदी जमल्या: चेन सारखी उतरते. पावसात भिजली, आता काय करू? दोन महिने वापरलीच नाही, तर हवा कशी गेली? हवा किती भरायची? मुलाची सायकल त्याला लहान झाली हे कसे ओळखायचे?

दुसरी पायरी: महिन्यांची जुळवणी

आता प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या महिन्यात जास्त विचारला जातो ते लिहा. पावसात भिजलेल्या सायकलचा प्रश्न पावसाळा लागताना गेला पाहिजे, पावसाळा संपताना नव्हे. हवेचा प्रश्न लांब सुटीनंतर, म्हणजे सायकली पुन्हा बाहेर निघण्याच्या सुमारास घ्यावा. ज्या प्रश्नांना ऋतू नाही, ते रिकाम्या महिन्यांत बसतात.

सगळे बारा महिने पक्के करू नका. पुढचे तीन ठरवा, बाकीचे पेन्सिलीने लिहा. वर्षभराचा सुबक तक्ता करणारे लोक तो तक्ता पाळण्यापायी ताजे प्रश्न सोडून देतात, आणि वाचकाला हवे असतात ते ताजेच.

तिसरी पायरी: पाच सब्जेक्ट लाइन लिहा, एक निवडा

समजा, या महिन्याचा विषय किंचाळणारा ब्रेक आहे. पहिला प्रयत्न असा होतो: ‘ब्रेकच्या देखभालीविषयी महत्त्वाची माहिती’. हे खरे आहे, पण कोणाचेही नाही. दुसरा: ‘तुमचे ब्रेक सुरक्षित आहेत का?’ यात उगाच भीती आहे, आणि भीती दोनदा चालत नाही. तिसरा: ‘आमच्याकडे ब्रेक सर्व्हिसिंग सुरू’. ही बातमी तुमच्यासाठी आहे, वाचकासाठी नाही. चौथा: ‘आवाज करणाऱ्या ब्रेकवर घरच्या घरी करता येणारे उपाय’. विषय जवळ आला, पण ओळ लांबली. पाचवा: ‘ब्रेक किंचाळतो? आधी रिम पुसून बघा’. हीच घ्यायची. ओळखीची तक्रार आहे, लगेच करता येणारी एक गोष्ट आहे, आणि नेमके शब्द सुरुवातीलाच आहेत. मोबाइलवर ओळीचे पहिले पाच-सहा शब्दच धड दिसतात, म्हणून महत्त्वाचा शब्द मागे ठेवू नये.

सब्जेक्ट लाइनच्या शेजारी फिकट अक्षरांत आणखी एक ओळ दिसते. तिला प्रीव्ह्यू टेक्स्ट म्हणतात. ती आपण भरली नाही, तर ईमेलमधला पहिला मजकूर तिथे उमटतो, आणि तो अनेकदा ‘हा ईमेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ असा असतो. तिथे पुढचा धागा द्या: ‘नाही थांबला, तर पॅडची चकाकी तपासा.’

पाठवणाऱ्याच्या नावाचाही विचार करा. ‘नो रिप्लाय’पेक्षा माणसाचे आणि व्यवसायाचे नाव एकत्र असलेले बरे, कारण उघडायचे की नाही हे ठरवताना लोक नावही पाहतात. आणि उत्तर दिल्याचा भास करणारे ‘Re:’ खोटेच लावू नका. एकदा फसलेला माणूस पुढचे सहा ईमेल न उघडता पुसतो.

चौथी पायरी: मजकूर

ओळीत जे कबूल केले, ते पहिल्या परिच्छेदातच द्या. रिमवर तेल किंवा धूळ बसली की रबरी पॅड आवाज करतो. स्वच्छ कापडाने रिम पुसा. पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चमकत असेल, तर बारीक पॉलिशपेपरने हलका घासा. एवढे करूनही आवाज राहिला, किंवा पॅडवरच्या खाचा झिजून गेल्या असतील, तर सायकल वर्कशॉपमध्ये आणा. तुमच्या सेवेची जाहिरात इथे आपोआप झाली, आणि ती वाचकाच्या गरजेच्या जागी झाली.

अडीचशे-तीनशे शब्द पुरे. एक विषय, एक लिंक किंवा एक फोन नंबर. शेवटी एक प्रश्न विचारा: ‘सध्या तुमच्या सायकलचा सगळ्यात त्रासदायक आवाज कोणता?’ आलेली उत्तरे थेट वहीत जातात.

पाचवी पायरी: पाठवल्यावर काय मोजायचे

ईमेल उघडल्याची नोंद त्यातल्या एका अदृश्य चित्रावरून होते. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये एक गोपनीयतेची सोय आहे. ती चालू असली, की माणसाने ईमेल उघडला नसतानाही ते चित्र आधीच लोड होते. त्यामुळे उघडण्याचे प्रमाण फुगलेले दिसते. मागच्या महिन्याशी ढोबळ तुलना करायला ते चालेल, त्यावर निर्णय घेऊ नका. खरी खूण म्हणजे आलेली उत्तरे, लिंकवरचे क्लिक आणि काउंटरवर “तुमचा तो ईमेल वाचला” असे सांगणारी माणसे.

निम्म्या यादीला एक सब्जेक्ट लाइन आणि निम्म्या यादीला दुसरी पाठवून बघा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तीनशे पत्त्यांवर त्यातून फारसे कळत नाही. दीडशेपैकी एकीकडे 45 जणांनी उघडला आणि दुसरीकडे 52 जणांनी, तर हा सात माणसांचा फरक त्या दिवशी कोण प्रवासात होते यानेही पडू शकतो. त्यापेक्षा सहा महिन्यांच्या ओळी एकाखाली एक लिहा आणि कोणत्या ओळींना उत्तरे आली ते बघा.

यादीतून बाहेर पडण्याची लिंक प्रत्येक ईमेलमध्ये सहज सापडेल अशी ठेवा. ती सापडली नाही, तर वाचक स्पॅमचे बटण दाबतो, आणि ते तुम्हाला जास्त महागात पडते. वर्षभर ज्यांनी ना क्लिक केले ना उत्तर दिले, त्यांना एक साधी ओळ पाठवा: ‘अजून पाठवत राहू का?’ महिनाभरात होकार आला नाही, तर तो पत्ता काढून टाका.