डिस्कव्हरी कॉलच्या नोट्स: ग्राहक जे बोललाच नाही ते लिहू नका

विक्रीआधी ग्राहकाची गरज समजून घ्यायला जो डिस्कव्हरी कॉल होतो, त्याच्या नोट्समध्ये बजेट, निर्णय घेणारी व्यक्ती, गरज आणि मुदत असे चार रकाने असतात. एखादा रिकामा राहिला की बरं दिसत नाही, म्हणून तिथे अंदाज लिहिला जातो. पुढे कोटेशन करणारा तोच ग्राहकाचा शब्द समजतो.

समजा, भांड्यांच्या एका व्यापाऱ्याशी स्टॉकच्या सॉफ्टवेअरबद्दल जानेवारीत कॉल झाला. दुकान दादरला, गोदाम भिवंडीला. ट्रान्सक्रिप्टमधला तुकडा असा:

मॅनेजर: महिनाअखेरीला दोन माणसं दोन दिवस गोदामात माल मोजतात, तरी दुकानाच्या नोंदीशी आकडा जुळत नाही.
विक्रेता: साडेचार लाखांच्या आसपास धरू?
मॅनेजर: हां... गेल्या वर्षी तेवढेच गेले होते. शेठना विचारावं लागेल. पण एक एप्रिलपासून सुरू व्हायला पाहिजे.

यावरून नोट्स बनतात: 'बजेट साडेचार लाख. निर्णय मॅनेजरचा. गरज इन्व्हेंटरी मॉड्यूल. मुदत एप्रिल.' चारही ओळींत घोळ आहे.

सर्वांत महागात पडते ती बजेटची ओळ. आकडा विक्रेत्याने काढला, मॅनेजरने फक्त हुंकार दिला आणि गेल्या वर्षीचा खर्च सांगितला. शिवाय तो जीएसटी धरून की सोडून, हे कुणी विचारलंच नाही. १८ टक्के कर वर लागला तर ४,५०,००० चे ५,३१,००० होतात. म्हणून लिहावं: 'गेल्या वर्षीचा खर्च सुमारे साडेचार लाख (आकडा आपण सुचवला), यंदाचं बजेट, जीएसटी विचारायचं.' ट्रान्सक्रिप्ट आपोआप तयार झालं असेल तर जिथे आकडा आलाय तिथलं रेकॉर्डिंग ऐकाच. मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात 'साडेतीन'चं 'साडेचार' होऊ शकतं, कधी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर जातं.

निर्णय शेठचा आहे, हे मॅनेजरने स्वतः सांगितलं. त्याच्याकडे माहिती आहे, सही नाही. शेठ आणखी कुणाला विचारतात, त्यांच्या सीएला किंवा भावाला, हे अजून कळायचं आहे.

गरजेच्या रकान्यात आपल्या मॉड्यूलचं नाव घालू नका. मॅनेजरचं वाक्य जसंच्या तसं ठेवा. दोन माणसांचे दोन दिवस म्हणजे महिन्याला चार दिवसांची मजुरी. शेठसमोर किंमत मांडताना हाच हिशेब कामी येतो.

मुदतीत तारखेसोबत कारण हवं. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, तेव्हा नव्या खात्याने सुरुवात करायची, असं कारण असेल तर तारीख पक्की. पण तेही विचारूनच लिहायचं. शिवाय ही वापर सुरू होण्याची तारीख आहे, ऑर्डरची नाही. जुना डेटा भरायला तीन आठवडे आणि प्रशिक्षणाला एक आठवडा लागणार असेल, तर ऑर्डर फेब्रुवारीअखेरपर्यंत हवी.

जे कळलं नाही तिथे 'विचारायचं' लिहा आणि त्याच संध्याकाळी मॅनेजरला व्हॉट्सॲप करा: 'साहेब, साडेचार लाख जीएसटी धरून होते का? यंदा किती ठरवलंय? एप्रिलचीच तारीख कशामुळे? शेठसोबत पंधरा मिनिटं कधी मिळतील?'