प्रबंधातून शोधनिबंध काढताना: कोणत्या निबंधात काय घालायचे?

व्हायवा होतो, प्रबंध 'शोधगंगा'वर चढतो आणि महिनाभरात गाईड विचारू लागतात, "पेपर कधी पाठवतोय?" बहुतेक जण मग प्रबंध उघडतात आणि तिसरे प्रकरण म्हणजे पहिला पेपर, चौथे म्हणजे दुसरा, अशी वाटणी करून टाकतात. असे पेपर परत येतात. रिव्ह्यूअर लिहितो, 'हे प्रबंधाचे प्रकरण वाटते', आणि त्याचे बरोबर असते. आपण काम नीट केले आहे हे परीक्षकाला पटावे म्हणून प्रकरण लिहिलेले असते. शोधनिबंधाच्या वाचकाला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. म्हणून वाटणी प्रकरणांची करू नका, उत्तरांची करा.

जालना जिल्ह्यातल्या मोसंबी पट्ट्यावरचा एक प्रबंध समोर ठेवू. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या बागा वाळल्या, त्यानंतर प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी वाढत गेली, आणि २०१६ मध्ये शासनाची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. माझ्या विद्यार्थिनीने तीन गावांतली १८० कुटुंबे, काही विहिरींच्या दोन वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी आणि ३४ मुलाखती यांवर प्रबंध लिहिला होता. प्रकरणे सहा, पाने पावणेतीनशे.

पहिली पायरी: प्रबंध कपाटात ठेवा. कोरा कागद घ्या आणि आपल्याला काय सापडले ते आठवून एकेका वाक्यात लिहा. 'शेततळ्यांचा अभ्यास केला' हे वाक्य चालणार नाही. ज्याच्याशी कुणी वाद घालू शकेल असे वाक्य हवे. तिने चार लिहिली. एक, तळी पावसाने भरत नाहीत, विहीर-बोअरचे पाणी उपसून भरली जातात. दोन, तळे घेणारे बहुतेक जास्त जमिनीचे शेतकरी आहेत. तीन, तळे असलेल्यांच्या बागा टंचाईत जास्त टिकल्या. चार, तळी आल्यावर भावकीतल्या सामाईक विहिरीची पाळी मोडली.

"मॅडम, म्हणजे चार पेपर झाले," ती म्हणाली.

दुसरी पायरी याचाच निकाल लावते. प्रत्येक वाक्याखाली ते सिद्ध करणारे तक्ते, आकृत्या आणि मुलाखती लिहून काढा. आता शेजारी शेजारी ठेवून बघा: दोन वाक्यांचा मुख्य तक्ता एकच आहे का? आणि एक वाक्य वाचणाऱ्याला दुसरे माहीत नसेल, तर त्याची दिशाभूल होईल का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर त्या दोन वाक्यांचा निबंध एकच.

तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याचे असेच झाले. 'तळ्यामुळे बागा टिकल्या' हा निबंध सुटा छापला तर वाचकाला वाटेल की तळे खोदले की बाग वाचते. पण तळे असलेल्यांकडे मुळात जमीन जास्त, बोअर खोल आणि वेळ पडली तर टँकर विकत घ्यायला पैसा होता. बाग तळ्याने टिकली की या सगळ्याने, हे जमिनीच्या आकाराचा तक्ता सोबत असल्याशिवाय कळूच शकत नाही. सारख्या जमिनीच्या कुटुंबांत तळेवाले आणि बिनतळेवाले यांची तुलना केल्यावर फरक उरतो का, हाच त्या निबंधाचा कणा. फरक अगदी थोडा उरला तर तेही तसेच लिहायचे. एकाच सर्वेक्षणाचे बारीक तुकडे करून पेपरची संख्या वाढवणे गैर मानतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे. तुकडा सुटा पडला की त्याचा अर्थ बदलतो.

पहिल्या वाक्याला मात्र स्वतःचा पुरावा होता: विहिरींच्या नोंदी, तळे भरण्याचे महिने आणि पंप चालवण्याचे तास. चौथे वाक्य पूर्णपणे मुलाखतींवर उभे होते. कोणत्या भावाची पाळी कोणत्या दिवशी, ती केव्हापासून चुकू लागली, एकाने रात्री पाणी ओढून तळ्यात साठवले तेव्हा दुसरा काय बोलला, असे सगळे त्यात होते. प्रबंधात हे पाचव्या प्रकरणाच्या शेवटी नऊ पानांत दाबलेले होते आणि माझ्या मते तेच सगळ्यात नवे होते. अशा प्रकारे चाराचे तीन निबंध झाले.

तिसरी पायरी: लिहिण्याआधी नियतकालिक ठरवा. पाण्याचा निबंध भूजल आणि सिंचनाच्या वाचकांचा, बागांचा कृषी अर्थशास्त्राचा, पाळीचा समाजशास्त्राचा. त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा आणि शब्दमर्यादा बघा. यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये 'केअर' यादी बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे' एवढे बघून भागत नाही. संपादक मंडळातली माणसे त्या विषयातली आहेत का आणि अलीकडचे लेख खरोखर तपासलेले वाटतात का, हे स्वतः वाचून ठरवावे लागते. पैसे भरले की चार दिवसांत स्वीकृती देणाऱ्यापासून लांब राहा.

मग लिखाण. प्रबंधातला मजकूर कापून चिकटवू नका, नव्याने लिहा. सुरुवात निष्कर्षाच्या तक्त्यांपासून करा. एका निबंधात तीन-चार तक्ते पुष्कळ झाले. पूर्वसाहित्याचा पन्नास पानांचा आढावा तीन-चार परिच्छेदांवर येतो, कारण आपल्या प्रश्नाला थेट भिडणारेच संदर्भ ठेवायचे असतात. जिल्ह्याचा इतिहास, भूगोल, पर्जन्यमान यांना एक परिच्छेद पुरतो. नमुना कसा निवडला ते मात्र तिन्ही निबंधांत पूर्ण सांगावे लागते, कारण प्रत्येक वाचकाच्या हातात एकच निबंध असणार. शब्द वेगळे ठेवा, आकडे तेच. एका निबंधात १८० कुटुंबे आणि दुसऱ्यात १७२ असतील, तर आठ का गळाली ते तिथेच लिहा. काही प्रकरणांतून एकही निबंध निघत नाही. ती प्रबंधातच राहू द्या.

पाठवताना संपादकाच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: हा निबंध पीएच.डी.च्या प्रबंधावर आधारित आहे, प्रबंध शोधगंगावर उपलब्ध आहे, आणि याच सर्वेक्षणावरचे आणखी दोन निबंध कोणत्या प्रश्नांवर आहेत. प्रबंधाला बहुतेक जर्नले आधीचे प्रकाशन मानत नाहीत, तरी जर्नलचा नियम वाचून घ्या. न सांगता पाठवले तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचाच प्रबंध जुळलेला दिसतो आणि संपादक वाचण्याआधीच परत पाठवतो. नावांचा क्रमही गाईडशी आधीच बोलून घ्या. त्यांनी त्या निबंधाच्या मांडणीत किंवा विश्लेषणात खरे काम केले असेल तर सहलेखक, नसेल तर आभारात.

तिन्ही एकदम पाठवू नका, आणि एक निबंध एका वेळी एकाच जर्नलला. आम्ही आधी पाण्याचा पाठवला, कारण उरलेले दोन्ही त्याचा हवाला देणार होते. रिव्ह्यूअरने विचारले, "तळे भरताना बाष्पीभवनाने किती पाणी जाते ते धरले आहे का?" ते धरलेले नव्हते. तिने उन्हाळ्यातल्या पातळीच्या नोंदी पुन्हा काढल्या, हिशोब दुरुस्त केला, आणि तोच दुरुस्त हिशोब बागांच्या निबंधात, तो पाठवण्याआधीच, घालता आला.