महिनाभराच्या नफ्यावर स्ट्रॅटेजी पास करू नका: ऑप्शन सेलिंगमधल्या या चुका टाळा

विषय: तुझा शॉर्ट स्ट्रँगलचा रिपोर्ट

केतकी,

रिपोर्ट सावकाश वाचला. चार एक्सपायऱ्या, चारही नफ्यात, आणि शेवटच्या पानावर शिफारस: पुढच्या महिन्यापासून खरे पैसे लावू या. मी तूर्त नाही म्हणतोय. कारणं फोनवर सांगितली तर अर्धी हवेत जातील, म्हणून लिहून पाठवतो.

नफ्याचे सौदे मोजणं

तुझा शॉर्ट स्ट्रँगलचा नियम असा आहे: एक्सपायरीच्या तीन सत्रं आधी, बाजार बंद होताना, निफ्टीच्या दोन टक्के वरचा कॉल आणि दोन टक्के खालचा पुट विकायचा, आणि एक्सपायरीपर्यंत हात लावायचा नाही. आता समजा की अशा दहा सौद्यांपैकी आठ नफ्यात जातात. नफा झाला की 40 पॉइंट मिळतात, तोटा झाला की सरासरी 160 जातात. आठ गुणिले 40 म्हणजे 320 आले, दोन गुणिले 160 म्हणजे 320 गेले. हाती शून्य. ब्रोकरेज आणि एसटीटी हा सौद्यावरचा कर वजा केला की शून्याच्याही खाली.

आणि तरीही या पोकळ स्ट्रॅटेजीत लागोपाठ चार नफे होण्याची शक्यता किती? 0.8 चा चौथा घात, म्हणजे जवळजवळ 41 टक्के. म्हणजे ज्यात काहीच दम नाही अशी स्ट्रॅटेजी घेऊन पाच जण बसले, तर त्यातले दोघं महिनाअखेरीस तुझ्यासारखाच रिपोर्ट लिहितील.

पहिल्या पानावर तू ठळक अक्षरांत ‘विन रेट 100 टक्के’ लिहिलंयस, ते काढून टाक. ऑप्शन विकणाऱ्याचा विन रेट त्याचं कसब सांगत नाही, त्याने स्ट्राइक, म्हणजे कराराचा ठरलेला भाव, किती लांबचा घेतला एवढंच सांगतो. दोनऐवजी तीन टक्क्यांवर जा, विन रेट आपोआप वाढेल. विकताना हाती येणारी रक्कम, म्हणजे प्रीमियम, घटेल, आणि तोट्याचा दिवस आला की तो मिळालेल्या प्रीमियमच्या कितीतरी पट मोठा असेल. बघायचं ते हे की तोट्याचा सौदा किती मोठा असतो. तुझ्या महिन्यात असा सौदा आलाच नाही, त्यामुळे स्ट्रॅटेजीचा जो भाग सगळ्यात महत्त्वाचा, त्याबद्दल तुझ्याकडे एकही आकडा नाही.

रोजच्या एमटीएमच्या, म्हणजे दिवसअखेरच्या भावाने काढलेल्या नफ्यातोट्याच्या, बारा नोंदी आहेत म्हणून ‘बारा निरीक्षणं’ असंही म्हणू नकोस. एकाच पोझिशनचे लागोपाठचे दिवस एकमेकांत अडकलेले असतात. सौदे चारच झालेत.

बारातला एक निवडून दाखवणं

परिशिष्टात चार स्ट्राइक-अंतरं आणि प्रत्येकी तीन एंट्रीचे दिवस दिसतात, म्हणजे बारा प्रकार तू चालवून पाहिलेस. मुख्य रिपोर्टमध्ये मात्र एकच आलाय, सर्वात जास्त नफ्याचा. हे बारा एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, म्हणून नेमकी शक्यता काढणं अवघड आहे, पण बारा तिकिटं घेतल्यावर एक लागलं यात नवल नाही. पुढच्या वेळी बाराही एका तक्त्यात दे. दोन टक्क्यांना नफा आणि लगतच्या दीड आणि अडीच टक्क्यांना तोटा दिसला, तर दोन टक्क्यांत काही खास गुण नाही, तो योगायोग आहे असंच मी धरेन.

एक्सपायरीच्या भावावर बॅकटेस्ट

हे मला सगळ्यात जास्त खटकलं. महिना थोडा आहे हे तुलाही जाणवलं असावं, म्हणून तू मागची दोन वर्षं जोडलीस. पण त्यात फक्त एंट्रीचा भाव आणि एक्सपायरीचा भाव घेतलास, मधले दिवस गाळलेस.

3 जून 2024 च्या सोमवारी हाच नियम लावून बघ. एक्झिट पोलनंतर निफ्टी उसळून 23,263.90 वर बंद झाला होता. दोन टक्क्यांच्या हिशेबाने 22,800 चा पुट आणि 23,700 चा कॉल विकला. त्या दिवशी प्रीमियम नेहमीपेक्षा बराच जास्त मिळत होता, हे मान्य. दुसऱ्या दिवशी लोकसभेचा निकाल. निफ्टी दिवसात 21,281 पर्यंत घसरला आणि 21,884.50 वर बंद झाला, एका दिवसात 5.93 टक्के खाली. तळाला असताना तुझा पुट 1,500 पॉइंटहून जास्त आयटीएम, म्हणजे घेणाऱ्याच्या फायद्यात आणि आपल्या तोट्यात, होता, आणि बंद होताना 915.

आता गंमत बघ. बुधवारी बाजार सावरला आणि गुरुवारी, 6 जूनला, एक्सपायरीच्या दिवशी निफ्टी 22,821.40 वर बंद झाला. 22,800 च्या वर! पुट शून्य, कॉल शून्य. तुझ्या शीटमध्ये तो आठवडा हिरवा आहे, पूर्ण प्रीमियम खिशात.

प्रत्यक्षात मंगळवारी दुपारी ब्रोकरने मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कम, मागितलं असतं. एका लॉटमागे हजार-पंधराशे पॉइंटचा तोटा आणि वर वाढीव मार्जिन, एवढी रोकड बाजूला ठेवलेली नसेल तर पोझिशन तळालाच कापली जाते. मग बुधवार-गुरुवारचं सावरणं आपल्या काय कामाचं? म्हणून बॅकटेस्टमध्ये रोजचा, शक्य असेल तर मिनिटाचा भाव घे, आणि प्रत्येक सौद्यासमोर सर्वात वाईट क्षणीचा तोटा वेगळ्या रकान्यात लिही. विकताना बिडचा, म्हणजे घेणारा देऊ करतो तो, भाव धर, शेवटच्या सौद्याचा नको. लांबच्या स्ट्राइकला बिड-आस्कमध्ये दोन-तीन पॉइंटचा फरक पडला तरी 40 पॉइंटांत तो टोचतो.

2020 चा मार्चही आत असू दे. 23 तारखेला निफ्टी जवळजवळ 13 टक्के पडला होता. तू घेतलेल्या दोन वर्षांत असा दिवस नाही.

मग किती काळ पुरे?

मोजायला सोपं सूत्र आहे:

```
t = शार्प × √वर्षे
```

शार्प म्हणजे वर्षाचा जादा परतावा भागिले त्यातली चढउतार. नशिबाचा भाग बाजूला काढायला t साधारण 2 हवा, असा रिवाज आहे. शार्प 1 असलेल्या चांगल्या स्ट्रॅटेजीलाही तिथे पोचायला चार वर्षं लागतात, शार्प 2 असेल तर एक वर्ष. एका महिन्यात शार्प 1 चा t भरतो 0.29. हे सूत्रही परतावे साधारण घंटेच्या आकाराचे आहेत असं धरून चालतं. ऑप्शन विकणाऱ्याचे तसे नसतात, बारीक नफ्यांची रांग आणि मधेच एक खड्डा, म्हणून आपल्याला यापेक्षा जास्तच डेटा लागेल.

खरे पैसे लावायला चार वर्षं थांबू असं मी म्हणत नाही. जुना डेटा नीट वापरला तर बरंच कळतं. 2019 पासूनच्या साप्ताहिक एक्सपायऱ्या घे आणि नियम आत्ताच गोठव, एकही आकडा नंतर बदलायचा नाही. शेजारी तुलनेसाठी एक अगदी मठ्ठ नियम चालव: दर आठवड्याला डोळे झाकून एटीएम स्ट्रॅडल, म्हणजे निफ्टीच्या चालू भावाच्याच स्ट्राइकचा कॉल आणि पुट, विकायचा. दोन्हींना मार्जिन सारखंच दे. तुझा नियम त्याच्या पुढे गेला नाही, तर या महिन्याचा नफा बाजार शांत होता म्हणून आला, तुझ्या निवडीमुळे नाही.

एवढं झालं की सर्वात वाईट पाच आठवडे वेगळे काढ आणि प्रत्येकात पोझिशन टिकवायला लॉटमागे किती रोकड लागली असती ते लिही. परतावा त्या रकमेवर काढ, ब्रोकरच्या सुरुवातीच्या मार्जिनवर नको. गुरुवारपर्यंत शीट पाठव, शुक्रवारी सकाळी बसून बघू.

— सतीश