एम.एस.साठी अमेरिकेत कोर्स घेताना: वर्ग ‘फुल’ दिसला तर

आपल्याकडे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की विषय ठरलेले असतात, वेळापत्रक सूचनाफलकावर लागतं. अमेरिकेत एम.एस.ला गेलं की हे दोन्ही आपणच जुळवायचं असतं, आणि बहुतेकांची पहिली नोंदणी भारतातूनच होते. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची नोंदणी नाशिकच्या घरी डायनिंग टेबलावर बसून केली, त्यावरून सांगतो.

आधी नोंदणी उघडण्याची वेळ पाहा. ईमेलमध्ये सकाळी 8 लिहिलं असेल आणि विद्यापीठ पूर्व किनाऱ्यावर असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे 5:30 वाजलेले असतात. त्याआधी दोनेक दिवस पोर्टलवर लॉगिन करून खात्यावर ‘होल्ड’ आहे का ते बघा. लसीकरणाचे कागद किंवा पदवीची अंतिम गुणपत्रिका पोचली नसेल, तर ऐनवेळी नोंदणीच अडते.

मग पूर्वअट, म्हणजे प्रिरेक्विझिट. भाचीला मशीन लर्निंग हवं होतं आणि त्याला लिनिअर अल्जेब्रा व प्रॉबॅबिलिटी झालेली असावी अशी अट होती. दोन्ही ती शिकली होती, पण गुणपत्रिकेवर नाव होतं नुसतं ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’. त्यावरून तिकडच्या संगणकाला काय कळणार? त्याने नकार दिला. यावर उपाय म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची नेमकी ती पानं पीडीएफ करायची, त्यातले धडे पिवळे करायचे आणि विभागाच्या ॲडव्हायझरला किंवा प्राध्यापकांना पाठवून ‘ओव्हरराइड’ मागायचा. पत्रात कोर्स क्रमांक, सेक्शनचा क्रमांक (बऱ्याच ठिकाणी त्याला CRN म्हणतात) आणि आपला विद्यार्थी क्रमांक हवाच. ओव्हरराइड मिळाला म्हणजे नोंदणी झाली असं मात्र नाही. बहुतेक ठिकाणी तो मिळाल्यावर आपण पुन्हा जाऊन कोर्स घ्यावा लागतो. इथे बरेच जण फसतात.

वेळापत्रकात TR दिसलं तर ते मंगळवार-गुरुवार. R म्हणजे थर्सडे, कारण T आधीच ट्यूजडेने घेतलेला. एक वर्ग 12:15ला सुटतो आणि दुसरा 12:00ला सुरू होतो, तर पोर्टल दुसरा घेऊ देणार नाही. कोर्सला जोडलेली लॅब असेल तर तिचीही वेळ तपासा, कारण बऱ्याचदा टक्कर तिथेच होते. दोन इमारतींमधलं चालण्याचं अंतर मात्र पोर्टल बघत नाही. ते आपणच नकाशावर बघायचं.

क्रेडिटला खालून आणि वरून अशा दोन्ही मर्यादा असतात. F-1 व्हिसावर पूर्णवेळ राहावंच लागतं. एम.एस.ला हा आकडा विद्यापीठ ठरवतं, अनेक ठिकाणी तो 9 असतो, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे तीन कोर्स. पूर्णवेळाच्या हिशेबात पूर्ण ऑनलाइन कोर्सची सत्रात फार तर तीन क्रेडिट धरतात. वेटलिस्टवरचा कोर्स तर या 9 मध्ये धरतच नाहीत.

भाचीला दोन कोर्स मिळाले. मशीन लर्निंगचा ओव्हरराइड येईपर्यंत तो सेक्शन भरला होता. खात्यावर सहाच क्रेडिट! अशा वेळी तीन गोष्टी करायच्या. वेटलिस्टवर नाव घालायचं. लगेच तिसरा, चालेल असा कोर्स घेऊन 9 पुरे करायचे. आणि हा तिसरा कोर्स हव्या असलेल्या वर्गाच्या वेळेला घ्यायचा नाही. काही विद्यापीठांत जागा सुटली की यंत्रणा आपोआप भरती करते, पण तेव्हा वेळेची टक्कर किंवा क्रेडिटची कमाल मर्यादा आड आली तर ती आपल्याला ओलांडून पुढच्याला घेते. भाचीने पर्यायी कोर्स नेमका त्याच TR 11:00च्या खणात टाकला होता. तो काढून सोमवार-बुधवारचा घेतला.

इतर ठिकाणी जागा सुटल्याचा ईमेल येतो आणि ठरावीक मुदतीत, बहुधा 24 तासांत, ती स्वतः घ्यावी लागते. भारतात असाल तर तो ईमेल रात्री येण्याचीच शक्यता जास्त. फोनचा आवाज चालू ठेवा. जागा घेताना पर्यायी कोर्स आधी सोडू नका. ‘स्वॅप’ची सोय असेल तर ती वापरा, त्यात नवा मिळाला तरच जुना सुटतो.

कधी पाच जागा रिकाम्या दिसतात, तरी नोंदणी होत नाही. त्या दुसऱ्या विभागासाठी राखलेल्या असतात. त्या खुल्या होणार का आणि कधी, ते ॲडव्हायझरला विचारा.

यातूनही जमलं नाही तर प्राध्यापकांच्या परवानगीने पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. पहिला गृहपाठ मिळाला की बरेच जण कोर्स सोडतात. भाचीचं वेटलिस्टवर चौथं नाव होतं, दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी जागा मिळाली, ॲड-ड्रॉपची मुदत शुक्रवारी संपत होती. तोवर तिने मशीन लर्निंग आणि पर्यायी अशा दोन्ही कोर्सचे गृहपाठ केले होते.