न्यूटनच्या वलयांचा प्रयोग: सारांश लिहायला बसण्याआधी

या प्रयोगाच्या सारांशात खरं तर एकच आकडा जातो: भिंगाची वक्रता त्रिज्या R आणि तिच्यापुढचं ±. त्यामुळे लिहायला बसण्याआधी ते ± कुठून आलं, हे वहीतल्या नोंदींवरून दाखवता येतं का ते तपासा.

सुरुवात वाचनांपासून करा. सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रूचं पिच 1 मिमी आणि चकतीवर 100 भाग असतील, तर लघुतम माप 0.01 मिमी. डावीकडच्या 20व्या गडद वलयाच्याही पुढे जाऊन परत फिरायचं, मग 20, 18, 16 असं करत 4पर्यंत यायचं, मध्य ओलांडायचा आणि उजवीकडे 4पासून 20पर्यंत जायचं. या सगळ्यात स्क्रू एकाच दिशेने फिरलेला हवा. मध्यापासून आधी डावीकडे आणि मग परत येऊन उजवीकडे वाचनं घेतली असतील, तर प्रत्येक व्यासात स्क्रूचा ढिलेपणा (बॅकलॅश) शिरतो. समजा तो 0.05 मिमी आहे. सुमारे एक मीटर त्रिज्येच्या भिंगासाठी 4थ्या वलयाचा व्यास साधारण 3.1 मिमी आणि 20व्याचा 6.9 मिमी येतो. या चुकीने R जवळजवळ एक टक्क्याने सरकते. आलेखावरचे बिंदू मात्र रेषेवर छान बसलेले दिसतात. म्हणजे ही चूक ± मध्ये दिसतच नाही. वाचनं अशी घेतली असतील तर ती पुन्हा घेणं हाच उपाय.

मग आलेख: उभ्या अक्षावर D², आडव्या अक्षावर वलयाचा क्रमांक n. रेषेचा चढ म्हणजे 4λR. एकाच वलयाचा व्यास घेऊन R काढली असेल तर ती सारांशात घालू नका. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये धुळीचा कण असला की दोन्ही पृष्ठं टेकत नाहीत, e एवढी फट राहते आणि समीकरण असं होतं:

D² = 4R(nλ − 2e)

फटीमुळे रेषा सरकते, चढ तसाच राहतो. परावर्तित प्रकाशात मध्य गडद दिसायला हवा. तो उजळ दिसला तर हेच घडलंय असं समजा. गडद वलयं मोजताना क्रमांक एकाने चुकला तरी चढ बदलत नाही. चढाची पद्धत वापरायची ती एवढ्यासाठीच.

चढातली अनिश्चितता अंदाजाने लिहू नका. क्रमांक A2 ते A10 आणि D² B2 ते B10 या रकान्यांत भरले असतील तर एक्सेलमध्ये

```
=LINEST(B2:B10,A2:A10,TRUE,TRUE)
```

दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा म्हणजे चढाची प्रमाणित त्रुटी. समजा चढ 2.38 ± 0.02 मिमी² आला. सोडियम दिव्यासाठी λ = 589.3 नॅनोमीटर, म्हणजे 5.893 × 10⁻⁴ मिमी. मग R = 2.38 ÷ (4 × 5.893 × 10⁻⁴) ≈ 1010 मिमी. चढातली 0.84 टक्के अनिश्चितता तशीच R मध्ये येते, म्हणजे सुमारे 8 मिमी. λ ची अनिश्चितता यापुढे नगण्य आहे. उत्तर 25 सेंमी किंवा 4 मीटरच्या आसपास आलं, तर व्यास आणि त्रिज्या यांची कुठेतरी अदलाबदल झाली आहे.

स्फेरोमीटरशी तुलना करायची तर त्याचीही अनिश्चितता काढून ठेवा. पायांमधलं अंतर 3 सेंमी असेल तर अशा भिंगासाठी h जेमतेम 0.15 मिमी येतो आणि लघुतम मापच 0.01 मिमी असतं. म्हणजे सात टक्क्यांची शंका तिथेच आहे. अशा आकड्याला ‘प्रमाण किंमत’ म्हणून त्यावरून टक्केवारीतली चूक काढणं उलटं आहे.

एवढं हाताशी असलं की सारांश असा होतो:

‘सपाट-बहिर्वक्र भिंग आणि सपाट काचपट्टी यांमधील हवेच्या थरामुळे तयार होणाऱ्या व्यतिकरण वलयांवरून भिंगाची वक्रता त्रिज्या काढली. सोडियम प्रकाशात (589.3 नॅनोमीटर) 4 ते 20 या क्रमांकांच्या नऊ गडद वलयांचे व्यास मोजले. D² विरुद्ध n या आलेखाचा चढ (2.38 ± 0.02) मिमी² मिळाला; त्यावरून R = (1.010 ± 0.008) मीटर. अनिश्चितता मुख्यतः वलयाच्या रुंद, धूसर कडेवर क्रॉसवायर लावण्यातून येते. स्फेरोमीटरने मिळालेली (0.98 ± 0.07) मीटर ही किंमत याच्याशी सुसंगत आहे.’

उपकरणांची यादी, सूत्राची सिद्धता आणि ‘प्रयोग यशस्वी झाला’ हे वाक्य यात नको. R चे दशांश ± च्या दशांशाइतकेच ठेवा, 1.0097 ± 0.008 असं लिहिलेलं परीक्षकाच्या नजरेत लगेच येतं.