मृत्यू, एपिक्युरस आणि ‘मेल्यावर कुणाला काय कळतंय?’ : या चुका टाळा

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. आपण असतो तोवर मृत्यू नसतो, आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो. मेनिकियसला लिहिलेल्या पत्रातलं हे वाक्य इतकं गोळीबंद आहे की नवशिके ते लिहून पेन खाली ठेवतात. पण हे वाक्य म्हणजे शेवटची पायरी आहे. खरा युक्तिवाद पत्रात त्याच्या आधी येतो: चांगलं-वाईट जे काही असतं ते संवेदनेत असतं, मृत्यू म्हणजे संवेदना संपणं, म्हणून मेलेल्या माणसासाठी मृत्यू वाईट नाही. ही तीन विधानं मी प्रत्येक वेळी तीन ओळींत लिहून काढते आणि कुणाशी वाद झाला तर आधी विचारते, ‘यातली कुठली ओळ तुम्हाला मान्य नाही?’ निम्मे वाद इथेच मिटतात, कारण समोरच्याने ओळी वाचलेल्याच नसतात.

एक चूक दोन वाक्यांत उरकते. मरताना होणाऱ्या यातना आणि मागे राहिलेल्यांचं दुःख हे एपिक्युरसच्या विरोधात पुरावे नाहीत. त्याचा दावा फक्त मेलेल्या माणसापुरता आणि मेल्यानंतरचा आहे. मरणयातना त्याला ठाऊक नव्हत्या असंही नाही, इ.स.पू. २७० मध्ये तो मूतखड्याच्या भयंकर वेदना सोसत गेला.

दुसरी खास आपल्याकडची. ‘गीतेत हेच सांगितलंय’ असं म्हणून लोक ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ जोडून देतात. शोक करू नये, एवढाच निष्कर्ष दोन्हीकडे सारखा आहे, वाट मात्र नेमकी उलटी. गीतेत आत्मा मरतच नाही म्हणून शोक नको. एपिक्युरसच्या मते आत्मा शरीराबरोबर विखुरतो आणि कुणी उरतच नाही, म्हणून भीती नको.

आता ज्या चुकीने मी खरोखर वैतागते तिच्याकडे. एपिक्युरसला दिलं जाणारं सर्वांत गाजलेलं उत्तर वंचिततेचं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७० च्या निबंधात ते मांडलं. मृत्यू वाईट आहे तो आपल्या वाट्याला काही भयंकर येतं म्हणून नव्हे, तर जगलो असतो तर जे चांगलं मिळालं असतं ते हिरावलं जातं म्हणून. यावर हमखास येणारा शेरा असा: ‘पण मेलेल्याला उणीव भासतच नाही, मग वंचित कोण?’ हे ऐकलं की ओळखावं, उत्तर वाचलेलं नाही. मेलेल्याला उणीव भासते असं त्या उत्तरात कुणी म्हणतच नाही. तिथे दोन आयुष्यांची तुलना आहे: प्रत्यक्षात घडलेलं, आणि तो मृत्यू आला नसता तर घडलं असतं ते.

एका चर्चासत्रात एक तरुण वक्ता याच शेऱ्यावर वीस मिनिटं बोलला. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, “एखाद्याला लॉटरी लागली, पण तिकीट परस्पर दुसऱ्याने लाटलं आणि याला जन्मभर कळलंच नाही. नुकसान झालं की नाही?” वक्ता अडला. मग हट्टाने म्हणाला, “कळलं नाही तर नाही झालं.” सभागृहात हशा पिकला, आणि बहुतेकांना वाटलं एपिक्युरस चीत झाला.

झाला नव्हता. बाईंच्या उदाहरणाने एवढंच दाखवलं की नुकसान जाणवलंच पाहिजे अशी अट नाही. पण लॉटरीवाला माणूस जिवंत आहे. तिकीट चोरीला गेलं तेव्हा तो होता, नंतरही आहे, आणि उद्या त्याला कळूही शकतं. मेलेल्याच्या बाबतीत ‘जाणवत नाही’ ही अडचण दुय्यम. मुख्य अडचण ही की नुकसान ज्याचं व्हायचं तो माणूसच उरलेला नाही. एपिक्युरसच्या वाक्याचा उत्तरार्ध नेमकं हेच सांगतो. या दोन अटी वेगळ्या काढल्या नाहीत तर वक्त्यासारखं हरता येतं, आणि बाईंसारखं स्वस्तात जिंकताही येतं.

दुसरी लाडकी चूक उलट बाजूची. वंचिततेचं उत्तर पटलेले लोक लिहितात, ‘म्हणून मृत्यू नेहमीच वाईट.’ त्या उत्तरातून असं निघत नाही. मी अशा वेळी एक नाव आणि एक तारीख लिहायला सांगते. इंग्रज कवी जॉन कीट्स, २३ फेब्रुवारी १८२१, रोम, वय २५. त्याखाली एक प्रश्न: कशाच्या तुलनेत?

समजा, तो त्या दिवशी गेला नसता. वर्षभरापूर्वीच त्याला खोकताना रक्त पडलं होतं, आणि क्षयाने फुप्फुसं पार गेली होती. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. होतं ते रक्त काढणं आणि उपाशी ठेवणं. तो दिवस टळता तर फार तर काही दिवस किंवा आठवडे मिळाले असते, तेही तडफडत. त्याने स्वतःच अफूचा अर्क मागितला होता, सोबत असलेल्या जोसेफ सेव्हर्नने तो दिला नाही. या तुलनेत मृत्यूने त्याचं काही चांगलं हिरावलं नाही. उलट वेदना वाचवल्या. वंचिततेच्या हिशेबाने तो मृत्यू त्याच्यासाठी वाईट नव्हता.

आता तुलना बदला. समजा, त्याला क्षय झालाच नसता. मग फॅनी ब्रॉनशी ठरलेलं लग्न, तीसेक वर्षांचं लिखाण, म्हातारपण, सगळंच हिशेबात येतं आणि हानी प्रचंड ठरते. मृत्यू तोच, माणूस तोच, पण उत्तरं दोन. ‘कीट्सचं मरण ही शोकांतिका’ असं म्हणताना आपण न बोलता दुसरी तुलना धरलेली असते. जेफ मॅकमहन यांनी हाच पेच घोडदळातल्या तरुण अधिकाऱ्याच्या उदाहरणाने मांडला: गोळी लागून मेला, पण ती चुकली असती तर दुसरी गोळी काही क्षणांत लागणारच होती. मग पहिल्या गोळीने हिरावलं ते काय, काही क्षण? यावर सर्वांना मान्य असा तोडगा नाही. म्हणून तुलना कशाशी हे लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य लिहू नका. घाई करणारे नेमकं हेच वाक्य गाळतात आणि मग दोन पानं भावनेवर काढतात.

‘बरं, मग हे नुकसान होतं कधी?’ या प्रश्नाला टाळू नका. एपिक्युरसची खरी ताकद तिथेच आहे. फ्रेड फेल्डमन म्हणतात, ही तुलना कालातीत सत्य आहे. बेन ब्रॅडली म्हणतात, मेल्यानंतर, म्हणजे माणूस एरवी सुखात जगला असता त्या काळात. दुसरं उत्तर घेतलं तर नसलेल्या माणसाची त्या काळातली स्थिती शून्य धरावी लागते, आणि ते धरता येतं का याचा जाब द्यावा लागतो. मला पहिलं जास्त सुरक्षित वाटतं, पण त्यात ‘कधी’ला थेट उत्तर मिळत नाही हे कबूल करायला हवं.

शेवटची चूक, नक्कल उतरवणाऱ्यांची. जन्माआधी आपण नव्हतो याचं दुःख होत नाही, मग मेल्यावर नसण्याचं का व्हावं, हा एपिक्युरसला मानणाऱ्या रोमन कवी लुक्रेशियसचा सवाल. कार्थेजची युद्धं पेटली तेव्हा आपल्याला काही जाणवलं नाही, असं तो आपल्या काव्याच्या तिसऱ्या खंडात म्हणतो. त्यावर सगळे नेगेल यांचं उत्तर उतरवतात: उशिरा मेलेला मी मीच असतो, पण फार आधी जन्मलेला माणूस मी नसतोच. छान आहे, पण स्वतः नेगेल यांनाच ते पुरेसं वाटलेलं नाही. १९७९ च्या पुस्तकात याच निबंधाच्या तळटीपेत रॉबर्ट नोझिक यांची हरकत दिली आहे: हजारो वर्षं आधीच अस्तित्वात असलेल्या बीजांतून जन्मणारे जीव कल्पा. त्यांचा जन्म खूप आधी होऊ शकला असता, तरी आधीच्या काळाबद्दल त्यांना मृत्यूसारखी हळहळ वाटेलच असं नाही. तेव्हा उत्तर उतरवण्याआधी ती तळटीप वाचा.